चिडलेला स्पॅनिश ग्राहक आणि न आलेलं पार्सल

"मी पुण्यात एका कंपनीच्या स्पॅनिश प्रोसेसमध्ये आहे. आमचा क्लायंट स्पेनमध्ये फर्निचर आणि लहान मुलांचं सामान ऑनलाइन विकतो. बी-टूची परीक्षा झाली आहे, ईमेल मी व्यवस्थित लिहिते. पण पार्सल उशिरा आलं म्हणून कोणी ओरडायला लागलं की डोकं रिकामं होतं. टीमकडे स्क्रिप्ट आहे, ती वाचून दाखवली की माणूस आणखीच चिडतो. 'आउसेन्ते' हा शब्द ऐकला की तर संपलंच. फोनवर नेमकं काय बोलायचं, तयार वाक्यं द्याल का? – एक वाचक, पुणे"

वाक्यं देते. फोनवर ती तोंडानेच म्हणायची आहेत, म्हणून देवनागरीतच लिहिते. आपल्या लिपीत स्पॅनिशचे त आणि द अगदी नेमके बसतात, त्यामुळे वाचताना उच्चार आपोआप बरा होतो. 'स' जिथे लिहिलाय तिथे स्पेनचा माणूस काही शब्दांत जिभेचं टोक दातांत धरून 'थ'सारखं बोलेल. तुम्ही 'स' म्हटलंत तरी काही बिघडत नाही, एका ठिकाणाखेरीज. ते पुढे येईल.

तुमची स्क्रिप्ट मी पाहिलेली नाही, पण अशा बहुतेक स्क्रिप्ट 'लामेन्तामोस लोस इन्कोन्बेनिएन्तेस'ने, म्हणजे 'झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे'ने सुरू होतात. हे पत्रातलं वाक्य आहे. 'दिस्कुल्पेन लास मोलेस्तियास' तर रस्ता खोदलाय तिथल्या फलकावर असतं. चार दिवस वाट पाहिलेल्या माणसाच्या कानावर असलं काही पडलं की समोर माणूस नसून फलक आहे, हे त्याला कळतं आणि आवाज चढतो. दुसरं म्हणजे स्क्रिप्ट सलग परिच्छेदात लिहिलेली असते. सहा-सात शब्दांचे सुटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यानंतर ग्राहक मध्ये बोलणारच. तो बोलून झाला की पुढचा तुकडा.

एक प्रसंग धरून चालू. वालेन्सियाहून एक बाई फोन करतात. बाळासाठी पाळणा मागवला होता, मंगळवारी यायचा होता, आज शुक्रवार. काल ट्रॅकिंगवर 'आउसेन्ते' उमटलं. म्हणजे कुरियरवाला आला आणि घरी कोणी नव्हतं. बाई काल सकाळपासून घरातच होत्या.

फोन उचलताना: "ब्वेनास तार्देस, ले आतिएन्दे..." पुढे तुमचं नाव, आणि "दीगामे." घड्याळ स्पेनचं बघा, पुण्याचं नाही. तिथे दुपारच्या जेवणापर्यंत 'ब्वेनोस दियास' चालतं आणि जेवण दोन-अडीचला होतं.

मग बाई सुरू होतात. "एस ऊना बेर्ग्वेन्सा!" (लाज वाटायला हवी!) "मे एस्तान तोमान्दो एल पेलो!" (तुम्ही मला वेड्यात काढताय!) "आयेर एस्तूबे एन कासा तोदो एल दिया!" (मी काल दिवसभर घरातच होते!) मध्ये एखादा 'खोदेर' येईल. तो शब्द शिवी आहे खरी, पण स्पेनमध्ये तो वैतागाचा उद्गार म्हणूनही सर्रास तोंडात येतो. तो तुमच्यावर नाही, परिस्थितीवर आहे. 'उस्ते एस...' म्हणून थेट तुम्हाला काही म्हटलं तर गोष्ट वेगळी, त्याकडे नंतर येते.

या वेळी पूर्ण शांत राहिलात तर काही सेकंदांतच "ओइगा? सीगे आइ?" (ऐकताय ना? आहात का तिथे?) असं येईल. स्पॅनिश संभाषणात शांतता म्हणजे फोन कट झाला किंवा समोरचा लक्ष देत नाही. तेव्हा अधूनमधून "सी", "ले एस्कुचो" म्हणत राहा. 'बाले, बाले' नको. मित्रांत ते ठीक, पण चिडलेल्या माणसाला त्यात 'बरं बरं, पुरे' ऐकू येतं. आणि त्या थांबतील मग मी बोलेन, असा बेत करू नका. त्या एकच तक्रार दुसऱ्यांदा सांगायला लागल्या की तीच तुमची जागा. तोवर सगळं सांगून झालेलं असतं, तुम्ही मध्ये शिरलात तर उद्धटपणा होत नाही.

शिरताना पहिलं वाक्य माफीचं, आणि माफी या एकदाच:

"सिएन्तो मूचो के नो ले आया येगादो ला कूना, ई के आया पेर्दीदो एल दिया एस्पेरान्दो."

पाळणा तुमच्यापर्यंत पोचला नाही आणि वाट बघण्यात तुमचा दिवस गेला, याचं मला फार वाईट वाटतं. यात दोन गोष्टी आहेत. पहिली, 'एल पेदीदो' (ऑर्डर) न म्हणता 'ला कूना' म्हटलं. त्यांनी सांगितलेली वस्तू आणि त्यांचा गेलेला दिवस दोन्ही वाक्यात आले, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणीतरी ऐकलं हे आपोआप दिसतं. दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'सिएन्तो के' आलं की पुढे सब्जंक्टिव्ह, म्हणून 'आया येगादो'. घाईत जीभ 'आ येगादो'कडे घसरते. ईमेल लिहिताना तुम्ही ही चूक करणार नाही, फोनवर करता, कारण हे वाक्य तोंडातून कधी निघालेलंच नसतं. मोठ्याने म्हणून म्हणून ते जिभेवर बसवा. नियम आठवायला फोनवर वेळ मिळत नाही.

"लो एन्तिएन्दो पेर्फेक्तामेन्ते" (मला अगदी पूर्ण कळतंय) सोडून द्या. त्याला "नाही, तुम्हाला काय कळतंय!" हे उत्तर तयारच असतं. "काल्मेसे", "त्रान्किलीसेसे" (शांत व्हा) तर तोंडातही आणू नका. 'मीरे' ने वाक्य सुरू करू नका, तापलेल्या संभाषणात ते 'हे बघा' सारखं अंगावर जातं. 'एस के...' ने सुरुवात केली की पुढे सबब येणार हे प्रत्येक स्पॅनिश माणसाला ठाऊक असतं. आणि 'कोमो या ले ए दीचो' (मी आधीच सांगितल्याप्रमाणे) म्हणजे भांडणाचं आमंत्रण.

आता बघायला वेळ मागा, पण किती वेळ तो सांगून:

"मे दा एल नूमेरो दे पेदीदो, पोर फाबोर?"
"नो क्वेल्गे, तार्दो दोस मिनूतोस."

होल्डचं संगीत लावण्यापेक्षा लाइनवरच राहा आणि मध्येच "सीगो आकी" (मी इथेच आहे) म्हणा. ऑर्डर नंबर घेताना एकेक आकडा घ्या. सेसेन्ता (60) आणि सेतेन्ता (70) खराब लाइनवर सारखेच ऐकू येतात. मघाशी म्हटलेलं एक ठिकाण इथेच आहे: 2 म्हणजे 'दोस' आणि 12 म्हणजे 'दोसे'. स्पेनमध्ये 12 चा उच्चार 'दोथे' होतो, म्हणून त्यांचा गोंधळ होत नाही. आपण 'स' म्हणतो तेव्हा होतो. घराचा नंबर 12 असेल तर 'थ' काढा, नाहीतर 'उनो, दोस' म्हणा.

भरभर बोलणं कळलं नाही तर 'नो एन्तिएन्दो' म्हणू नका. कारण जोडून विचारा: "मे लो प्वेदे रेपेतीर मास देस्पासियो? नो किएरो एकिबोकार्मे कोन ला दिरेक्सियोन." पत्त्यात चूक व्हायला नको, म्हणून जरा सावकाश सांगा. या कारणावर कोणी चिडत नाही, कारण ते त्यांच्याच फायद्याचं आहे.

स्क्रीनवर दिसतं: पाळणा सारागोसाच्या गोदामातून सोमवारी निघाला, मंगळवार-बुधवार काही हालचाल नाही, गुरुवारी 'आउसेन्ते'. आता खरी कसोटी. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बहुधा 'कुरियर आला होता पण घरी कोणी नव्हतं' अशा अर्थाचं वाक्य असेल. ते म्हणणं म्हणजे बाईंना खोटं पाडणं. कुरियरवाल्याने बेल न वाजवताच 'आउसेन्ते' टाकलं असेल, चुकीचा दरवाजा वाजवला असेल, किंवा बेल बंद असेल. तुम्हाला माहीत नाही, आणि नसलेलं ज्ञान दाखवायचं कारणही नाही. म्हणून:

"आकी फिगूरा कोमो आउसेन्ते. पेरो सि उस्ते एस्ताबा एन कासा, एसो आय के आक्लारार्लो."

इथे 'आउसेन्ते' अशी नोंद आहे, पण तुम्ही घरी होतात तर याचा उलगडा करायलाच हवा. 'फिगूरा' म्हणजे नोंद तशी आहे, एवढंच. ती खरी आहे असं तुम्ही म्हणत नाही. 'आय के' म्हणजे 'करायला हवं', कोणी ते मोघम राहतं, त्यामुळे कुरियरवर आरोपही होत नाही. एवढ्या दोन तुकड्यांवर अनेकदा आवाज खाली येतो. त्या क्षणी पत्ता पक्का करून घ्या: रस्ता, नंबर, मजला, दरवाजा. स्पेनमध्ये 'तेर्सेरो इस्किएर्दा' म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं दार. ऑर्डरमध्ये मजला आहे पण दार लिहिलेलं नाही, असं फार वेळा होतं, आणि 'आउसेन्ते'चं मूळ तिथेच सापडतं.

आता पुढे काय होणार ते सांगा. बहुतेक कॉल इथेच बिघडतात. बाई विचारतात, "एन्तोन्सेस, येगा मान्याना?" (मग उद्या येईल का?) आणि आपण त्यांना बरं वाटावं म्हणून 'सी, सेगूरो' म्हणून टाकतो. उद्या शनिवार आहे, पाळण्यासारख्या मोठ्या सामानाची कुरियर कंपनी शनिवारी फिरते की नाही तेही ठाऊक नसतं. सोमवारचा फोन मग आजच्यापेक्षा वाईट असतो, आणि तो तुमच्या एखाद्या सहकाऱ्याच्या माथी येतो. त्याऐवजी:

"नो ले प्वेदो प्रोमेतेर के येगे मान्याना."
"लो के सी प्वेदो आसेर एस आब्रीर ऊना इन्सिदेन्सिया आओरा मीस्मो, ई यामार्ले ओय आन्तेस दे लास सेइस."
"आया ओ नो आया नोतीसियास, ले यामो."

उद्या येईलच असं वचन देऊ शकत नाही. आत्ता तक्रार नोंदवून आज सहाच्या आत तुम्हाला फोन मात्र नक्की करते. बातमी असो नसो, फोन येईल. पार्सल तुमच्या हातात नाही, फोन तुमच्या हातात आहे. 'इन्सिदेन्सिया' हा तिथे रोजच्या वापरातला शब्द आहे, तुमच्या सिस्टीममधल्या तिकिटाला ग्राहक हेच म्हणतो. 'आओरा मीस्मो' म्हणजे स्पेनमध्ये खरोखर आत्ता. पुढे कधी मेक्सिकोच्या प्रोसेसला गेलात तर तिथल्या 'आओरीता'वर असा भरवसा ठेवू नका, तो पाच मिनिटांचाही असतो आणि संध्याकाळचाही. आणि 'एन क्वान्तो' आलं की पुन्हा सब्जंक्टिव्ह: "एन क्वान्तो तेंगा रेस्प्वेस्ता, ले यामो." 'तेन्द्रे' नाही. 'यामार्ले' मधला 'ले' पुरुष असो वा बाई, दोघांना चालतो.

सहाच का? तुमची शिफ्ट साडेदहाला संपत असेल असं मी धरलंय. हिवाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. स्पेनमधले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेदहा. सात म्हटलं असतं तर नोव्हेंबरात तुम्ही घरी आणि बाई फोनजवळ. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं. त्या सोमवारी दिलेल्या वेळा चुकणं ही स्पॅनिश टीममधली वार्षिक गंमत आहे. पिनकोड 35 किंवा 38 ने सुरू होत असेल तर ग्राहक कॅनरी बेटांवर आहे: घड्याळ आणखी एक तास मागे, आणि मुख्य भूमीवरून आलेल्या सामानालाही कस्टम्सची कागदपत्रं लागतात, कारण ही बेटं युरोपीय संघाच्या व्हॅट क्षेत्राबाहेर आहेत. तिथल्या उशिराचं कारण कुरियर नसूही शकतं, तेव्हा आधी कस्टम्सची नोंद बघा.

बाईंना पाळणाच नको झाला असेल तर तो मार्गही तुम्हीच मोकळा करून द्या:

"प्रेफिएरे एस्पेरार, ओ प्रेफिएरे के ले देबोल्बामोस एल दिनेरो?"

अर्थात पैसे परत देण्याचा अधिकार तुमच्या प्रोसेसला आहे का, हे टीम लीडरकडून आधी पक्कं करून घ्या. नसेल तर हे वाक्य वापरू नका. कायद्याची बाजू मात्र तुम्हाला माहीत हवी, कारण ग्राहकाला ती माहीत असते. स्पेनच्या ग्राहक कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर माल 30 दिवसांच्या आत पोचवावा लागतो. ठरलेली तारीख चुकली तर ग्राहकाने परिस्थितीला शोभेल अशी वाढीव मुदत द्यायची, तीही चुकली तर तो करार मोडू शकतो. मग सगळे पैसे विनाविलंब परत द्यावे लागतात, आणि विनाकारण रखडवले तर तो दुप्पट रक्कम मागू शकतो. अमुक तारखेलाच हवं, असं ऑर्डर देतानाच विक्रेत्याला सांगितलेलं असेल तर वाढीव मुदतही लागत नाही. बाळंतपणाची तारीख जवळ आहे असं बाईंनी ऑर्डरच्या वेळी लिहिलं होतं का, हे म्हणूनच विचारा आणि तिकिटात नोंदवा. यावर वाद मात्र घालू नका, कलमं सांगू नका. त्यांनी 'ओखा दे रेक्लामासियोनेस' (तक्रारीचा अधिकृत अर्ज) किंवा 'ला ओमिक' (नगरपालिकेचं ग्राहक कार्यालय) म्हटलं की घाबरून "तसं नका करू हो" म्हणायचं नाही. म्हणायचं: "एस्ता एन सु देरेचो. ले एक्स्प्लीको कोमो आसेर्लो." तुमचा हक्कच आहे, कसं करायचं सांगते. धमकी म्हणून उगारलेली गोष्ट तुम्ही शांतपणे स्वीकारली की तिच्यातला जोर जातो.

"पासेमे कोन सु सुपेर्बिसोर" आलं तर अडवू नका. "ले पासो कोन मि रेस्पोन्साब्ले. आन्तेस ले क्वेन्तो यो एल कासो, पारा के उस्ते नो तेंगा के रेपेतीर्लो." वरिष्ठांना सगळं मीच आधी सांगते, तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही. आणि ते खरंच सांगा. चौथ्यांदा तीच कहाणी सांगायला लागणं हा उशिराइतकाच मोठा राग असतो.

तुम्ही कुठून बोलताय असं विचारलं तर कंपनीचा नियम काय ते बघा, पण खोटं बोलू नका. वालेन्सियाच्या हवेबद्दल पुढचा प्रश्न आला की पकडल्या जाल. "नो एस्तोय एन एस्पान्या, पेरो तेंगो सु पेदीदो देलान्ते ई लो प्वेदो खेस्तियोनार." स्पेनमध्ये नाही, पण तुमची ऑर्डर समोर आहे आणि मी ती हाताळू शकते. उच्चाराबद्दल माफी मागायचं काहीच कारण नाही.

शिवी थेट तुम्हालाच असेल तर एकदा, आवाज न चढवता: "एन्तिएन्दो के एस्ते एन्फादादो, पेरो ले पीदो के नो मे इन्सूल्ते." बाई असतील तर 'एन्फादादा'. पुन्हा झालं तर: "सि कोन्तिनूआ, तेन्द्रे के तेर्मिनार ला यामादा." तिसऱ्यांदा कॉल संपवा आणि शिवी जशीच्या तशी तिकिटात लिहा, 'ग्राहक उद्धट होता' असं नाही. क्वालिटीवाले कॉल ऐकतील तेव्हा तुमची बाजू त्या नोंदीवर उभी राहते. हे करताना 'तू' वर घसरू नका, 'उस्ते' शेवटपर्यंत. क्लायंटने 'तू' म्हणायला सांगितलं असेल तर सुरुवातीपासून 'तू'. राग आल्यावर मध्येच बदललं तर ते अपमानासारखं लागतं.

आणि सहाचा फोन. कुरियरने उत्तर दिलेलं नसलं की हा फोन टाळावासा वाटतो, सांगायला काही नसतं ना. तरीही करा:

"ले यामो कोमो ले दीखे. तोदाबिया नो तेंगो रेस्प्वेस्ता दे ला आखेन्सिया."
"एल लूनेस आ लास ओन्से ले ब्वेल्बो आ यामार."

म्हटल्याप्रमाणे फोन करतेय, कुरियरकडून अजून उत्तर नाही, सोमवारी अकराला पुन्हा करते. 'ला आखेन्सिया' म्हणजे कुरियर कंपनी, तिथे असंच म्हणतात. सोमवारी अकरा म्हणजे पुण्यात दुपारचे साडेतीन किंवा अडीच. तुमची सुट्टी असेल तर कोण फोन करणार त्याचं नाव तिकिटात लिहा, आणि बाईंनाही सांगा: "ले यामारा मि कोम्पान्येरो", सहकारी मुलगी असेल तर 'कोम्पान्येरा'.

ही वाक्यं छापून स्क्रीनच्या बाजूला लावा, पण कॉलच्या ओघात ती शोधत बसू नका. पाच पुरेत: 'सिएन्तो मूचो के', 'आकी फिगूरा', 'नो ले प्वेदो प्रोमेतेर', 'लो के सी प्वेदो आसेर' आणि 'ले यामो आन्तेस दे'. यांच्यापुढे वस्तू, दिवस आणि वेळ दर कॉलला वेगळी बसते. टीममधल्या कोणाला तरी वालेन्सियाच्या बाई करा आणि त्यांना मध्ये तोडत बोलायला सांगा. सलग ऐकून घेणाऱ्या मैत्रिणीसमोर सराव केलात तर त्याचा काही उपयोग नाही.